लायब्ररीसाठी प्राचार्यांना प्रस्तावपत्र: एक नमुना उत्तर आणि त्यामागची अकरा दिवसांची मोजणी

पेपरात प्रश्न असा होता, 'तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सुधारणा व्हावी यासाठी प्राचार्यांना प्रस्तावपत्र लिहा.' दहा मार्क. मी हा प्रश्न इतक्या वर्षांत इतक्यांदा तपासलाय की पहिली ओळ न वाचताच सांगू शकते, 'ग्रंथ हेच गुरू'. मग लायब्ररी हा कॉलेजचा आत्मा. मग दहा हजार पुस्तकं, एसी रीडिंग रूम, वायफाय, वीस कॉम्प्युटर, आणि शेवटी 'तरी आपण याचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती'. भाषा ठीक असते, विषय असतो, 'आपला विश्वासू' असतं, दहापैकी पाच पडतात आणि पोरांना कळतच नाही की उरलेले पाच गेले कुठे.

एसवाय बीकॉमची एक मुलगी असाच पाच मार्कांचा पेपर घेऊन आली. पुढे तिने तेच पत्र खरोखरच आमच्या प्राचार्यांना दिलं, म्हणून हे लिहितेय. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, अनुदानित, सकाळच्या सत्रात आर्ट्स-कॉमर्स. मी तेव्हा लायब्ररी कमिटीवर होते, म्हणजे असे अर्ज पुढे कुठे जाऊन पडतात ते मला माहीत होतं.

ती म्हणाली, "मॅडम, यात चुकलं काय? सगळे मुद्दे आहेत की."

मी म्हटलं, "तू प्राचार्य आहेस असं समज. हे पत्र टेबलावर आलंय, हातात पेन आहे. कुठे सही करशील?"

तिने पत्र वरून खाली वाचलं, परत वाचलं. सही करण्यासारखी जागाच नव्हती. 'ग्रंथालय अद्ययावत करावे' यावर प्राचार्य फार तर 'पाहिले' असा शेरा मारून फाइलला लावतील. विनंतीपत्र आणि प्रस्तावपत्र यातला फरक इथेच आहे आणि वर्गात आम्हीच तो नीट सांगत नाही, हेही कबूल करते. विनंतीत अडचण सांगून थांबलं तरी चालतं, काय करायचं ते समोरचा ठरवतो. प्रस्तावात मात्र काय करायचं, कोणी करायचं, कितीत, कधीपासून आणि झालं की नाही हे कसं कळणार, हे सगळं लिहिणाऱ्यानेच मांडायचं असतं, समोरच्याने फक्त हो, नाही किंवा अर्धं हो म्हणायचं.

दुसरं म्हणजे प्राचार्यांच्या हातात नेमकं काय आहे ते. कॉलेजात पैशाचे आणि निर्णयाचे थर असतात. वेळापत्रक, काउंटरची वेळ, स्टाफची पाळी हे प्राचार्य आज सही करून उद्यापासून बदलू शकतात. पुस्तकखरेदी लायब्ररी कमिटीतून येते आणि त्या वर्षीच्या मंजूर रकमेत बसवावी लागते. नवी खोली किंवा मोठा खर्च असेल तर तो कॉलेज विकास समितीपुढे, म्हणजे सगळे सीडीसी म्हणतात तिच्यापुढे जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ मधली ही समिती, प्राचार्य तिचे सदस्य-सचिव असतात, बजेट तिथेच मांडलं जातं. आता पोरं एकाच वाक्यात काउंटरची वेळ, पुस्तकं आणि एसी हॉल मागतात तेव्हा सगळा अर्ज आपोआप सगळ्यात हळू चालणाऱ्या टेबलावर जातो, वेळ बदलण्यासारखं फुकटातलं काम पण एसीच्या मागे अडकून बसतं.

मग मी तिला म्हटलं, जा, लायब्ररीत जाऊन मोज. काय मोजू, म्हणाली. म्हटलं, जे 'नाही' म्हणून परत जातं ते.

आमच्याकडे पुस्तक हवं असेल तर काउंटरवर छोटी मागणी चिठ्ठी भरून द्यायची असते, लायब्ररीतले काका ती घेऊन आत जातात, पुस्तक असलं तर आणतात, नसलं तर चिठ्ठीवर पेन्सिलने 'ना' लिहून परत देतात, आणि मुलं ती तिथेच खिडकीखालच्या डब्यात टाकून जातात. डबा संध्याकाळी कचऱ्यात. तिने काकांना सांगितलं की टाकू नका, बाजूला ठेवा. ६ ते १८ जानेवारी २०२५, रविवार आणि संक्रांतीची स्थानिक सुट्टी सोडून ११ दिवस. काकांनी रोजच्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवल्या, दिलेल्या एकीकडे, 'ना'वाल्या एकीकडे.

एकूण १४३ चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या ६१ वर 'ना'. इथपर्यंत नुसती तक्रारच, शंभरात बेचाळीस-त्रेचाळीस मुलं रिकाम्या हाताने जातात एवढंच. पण तिने त्या ६१ चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यासारख्या लावल्या तेव्हा कळलं की त्यातल्या ३८ फक्त ९ पुस्तकांच्याच आहेत. कारणही उघड होतं, नव्या शैक्षणिक धोरणाचा सिलॅबस त्याच वर्षी पहिल्या वर्षाला लागला होता आणि आमच्या कपाटात जुन्या सिलॅबसची पुस्तकं होती, नव्याची कुठे एक प्रत, कुठे ती पण नाही.

मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असते ना, परत करायच्या तारखेचे शिक्के मारतात ती. कॉस्ट अकाउंटिंगच्या एका पुस्तकाला पट्टीवर पट्टी अशा तीन पट्ट्या चिकटवल्या होत्या, शिक्के एकमेकांवर चढलेले, कोपरे तेलकट, बाइंडिंग सुटून सुतळीने बांधलेलं. आणि त्याच फळीवर शेजारी एका पुस्तकाच्या सहा प्रती, पट्टी कोरी करकरीत, एका प्रतीवर २०११ चा एकच शिक्का. म्हणजे पुस्तकं नव्हतीच असं नाही, फळी भरलेलीच होती. 'ग्रंथालयात पुरेशी पुस्तके नाहीत' असं लिहिलं असतं तर ग्रंथपालांनी रजिस्टर उघडून एकूण आकडा दाखवला असता आणि विषय संपला असता. या पट्ट्यांपुढे तो आकडा काही बोलू शकत नाही.

मोजता मोजता तिला वेळेचं पण सापडलं. लेक्चर सुटतात १२:१० ला, काउंटर जेवणासाठी बंद होतो १२:३० ते १, आणि खेड्यावरच्या मुलांची एसटी १२:४५ ची. म्हणजे लायब्ररी १०:३० ते ५ उघडी असं बोर्डावर आहे खरं, पण निम्म्याहून जास्त वर्गाला ती रोज वीस मिनिटं उघडी असते, आणि त्या वीस मिनिटांत सगळे एकदम खिडकीवर. मी त्या कॉलेजात एवढी वर्षं आहे, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, मी स्टाफ रूममध्ये डबा खात असते ना तेव्हा!

तिसरी गोष्ट योगायोगाने निघाली. तिच्या जुन्या पत्रात 'ई-बुक्स घ्यावीत' असं होतं, म्हणून ती ग्रंथपाल मॅडमना भाव विचारायला गेली आणि कळलं की कॉलेज एन-लिस्टचं आधीपासून सभासद आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही योजना, कॉलेज वर्षाची फी भरतं आणि nlist.inflibnet.ac.in वर विद्यार्थी-शिक्षकांना ई-बुक्स, जर्नल्स मिळतात, पण प्रत्येकाचं लॉगिन कॉलेजने काढून द्यावं लागतं. ते प्राध्यापकांचं काढलं होतं, मुलांपैकी कोणाचंच नाही, कारण कोणी मागितलं नाही. आता हेही सांगते की बीकॉमच्या मराठी माध्यमाच्या पोराला परीक्षेपुरतं लागणारं क्रमिक पुस्तक तिथे शोधून उपयोग नाही, बरंचसं इंग्रजी आणि संदर्भाचं आहे, म्हणून ई-बुक्स आली की छापील प्रतींची गरज संपली असं कोणी म्हणू लागलं तर ते चालू देऊ नका. प्रोजेक्ट करणाऱ्यांना मात्र उपयोग आहे, आणि मुख्य म्हणजे पैसे आधीच गेलेत.

आता पत्र. परीक्षेत नाव लिहायचं नसतं म्हणून अ. ब. क. आणि कखग, बाकी तिने दिलं तेच.

दिनांक : २७ जानेवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
कखग महाविद्यालय.

(मा. ग्रंथपाल यांच्यामार्फत)

विषय : ग्रंथालयातील काउंटरची वेळ, एन-लिस्ट लॉगिन व नऊ क्रमिक पुस्तकांच्या प्रतींबाबत प्रस्ताव.

महोदय,

मी द्वितीय वर्ष वाणिज्य वर्गाची विद्यार्थिनी आहे. ६ ते १८ जानेवारी या काळातील ११ कामकाजाच्या दिवसांत ग्रंथालयाच्या काउंटरवर आलेल्या मागणी चिठ्ठ्यांची ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मदतीने मी मोजणी केली. एकूण १४३ चिठ्ठ्यांपैकी ६१ वेळा पुस्तक मिळू शकले नाही. या ६१ पैकी ३८ चिठ्ठ्या केवळ ९ पुस्तकांच्या होत्या. त्यातील पाच पुस्तके प्रथम वर्षाच्या नवीन अभ्यासक्रमाची आहेत. चिठ्ठ्यांचा दिनांकवार तक्ता व पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे.

या मोजणीवरून मी पुढील तीन गोष्टी सुचवू इच्छिते. पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही.

पहिली गोष्ट काउंटरच्या वेळेची. सकाळच्या सत्राचे तास १२:१० ला संपतात व काउंटर १२:३० ते १:०० बंद असतो. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची बस १२:४५ ला असल्याने त्यांना पुस्तक घेण्यासाठी वीस मिनिटेच मिळतात. काउंटरवरील दोन कर्मचाऱ्यांनी जेवणाची सुट्टी आळीपाळीने घेतल्यास काउंटर १२ ते १ सलग सुरू राहू शकेल. ही व्यवस्था एक महिना करून पाहावी व नंतर कायम करण्याबाबत निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट एन-लिस्टची. महाविद्यालय या योजनेचे सभासद आहे, परंतु विद्यार्थ्यांना लॉगिन मिळालेले नाहीत. प्रकल्प करणाऱ्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करून ते द्यावेत. वर्गवार नावे व ई-मेल पत्त्यांची यादी आम्ही विद्यार्थी तयार करून ग्रंथपालांकडे देऊ.

तिसरी गोष्ट पुस्तकांची. सोबतच्या यादीतील ९ पुस्तकांच्या प्रत्येकी ५ प्रती, म्हणजे ४५ प्रती घ्याव्यात. सरासरी किंमत ३२० रुपये धरल्यास १४,४०० रुपये होतात. विक्रेत्याकडून १५ टक्के सूट मिळाल्यास १२,२४० रुपये लागतील. चालू वर्षात एवढी रक्कम शिल्लक नसल्यास यादीतील पहिली तीन पुस्तके आधी घ्यावीत. त्यांच्या १५ प्रतींना ४,०८० रुपये लागतील आणि परत गेलेल्या ६१ पैकी १९ मागण्या याच तीन पुस्तकांच्या आहेत. उरलेल्या सहा पुस्तकांचा समावेश पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात व्हावा.

पुढील सत्रात आम्ही पुन्हा ११ दिवसांची मोजणी करून रिकाम्या परत गेलेल्या चिठ्ठ्यांचे प्रमाण किती कमी झाले ते आपल्याला कळवू.

आपल्या सोयीच्या वेळी या यादीसह भेटण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
अ. ब. क.
द्वितीय वर्ष वाणिज्य

सोबत : १) मागणी चिठ्ठ्यांचा दिनांकवार तक्ता. २) नऊ पुस्तकांची यादी, मागणीच्या क्रमाने.

पत्र संपलं. आता काही जागा सांगते, सगळं नाही.

'मा. ग्रंथपाल यांच्यामार्फत' ही एक ओळ मी तिला आग्रहाने घालायला लावली. लायब्ररीबद्दलचं पत्र थेट वर गेलं की ग्रंथपालांना ते स्वतःविरुद्धची तक्रार वाटतं, आणि प्राचार्य पहिलं काम काय करतात तर ग्रंथपालांनाच बोलावून विचारतात, तेव्हा त्या बचावात गेलेल्या असतात. मार्फत दिलं की त्यावर त्यांची सही आणि अभिप्राय येतो. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी 'मोजणी बरोबर आहे, यादी योग्य' असं स्वतः लिहिलं, कारण पुस्तकं मिळावीत म्हणून त्या स्वतःच दोन वर्षं ओरडत होत्या, फक्त त्यांच्याकडे हा आकडा नव्हता. म्हणूनच 'कर्मचारी जागेवर नसतात' हे जुन्या पत्रातलं वाक्य आम्ही उडवलं. जेवायला गेलेल्या माणसाला जागेवर नसतो म्हणणं बरं पण नाही.

तारीख जानेवारीची आहे, तीही मुद्दाम. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारीत चालू वर्षातले उरलेले पैसे किती हे कळलेलं असतं आणि पुढच्या वर्षाच्या बजेटची जुळवाजुळव चालू असते, म्हणजे एकाच पत्राला दोन दारं. हेच पत्र एप्रिलमध्ये दिलं असतं तर चालू वर्ष हातातून गेलेलं आणि नव्या वर्षाचे आकडे ठरून बसलेले.

'रक्कम शिल्लक नसल्यास पहिली तीन' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कमिटीत बसून पाहिलंय, १२,००० आहेत का, नाहीत, मग पुढच्या मीटिंगला बघू, असं होतं. छोटा पर्याय समोर असला की 'पुढच्या मीटिंगला' म्हणायला अडचण होते. पण तीन पुस्तकं कोणती हे मागणीच्या क्रमावरून ठरलं पाहिजे, आपल्या आवडीवरून नाही, म्हणून तो १९ चा आकडा लागतो.

पोरं विचारतील की परीक्षेत बसून चिठ्ठ्या कुठून मोजायच्या. नाही मोजायच्या, आकडे कल्पनेतले चालतात, पण एकमेकांशी जुळले पाहिजेत. मी असे पेपर पाहिलेत की चारशे मुलांचं कॉलेज, रोज लायब्ररीत येणारी मुलं पाचशे. किंवा ५० प्रती गुणिले ३०० आणि उत्तर दीड लाख. तपासणारा माणूस गुणाकार करून बघतो, निदान मी तरी बघते. सोपे आकडे घ्या आणि तीनच मागण्या लिहा. आणि पत्रात 'सोबत' म्हणून जे लिहिलंय त्याचा उल्लेख वर मजकुरात हवा, नाहीतर जोडलंय का आणि कशासाठी ते कळत नाही.

या मोजणीत एक खोट पण आहे आणि ती आम्हाला तेव्हा दिसली नाही. चिठ्ठी कोण भरतं, ज्याला मिळेल अशी आशा आहे तो. ज्याला दोनदा 'ना' आलंय तो तिसऱ्यांदा येतच नाही, झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स घेतो. म्हणजे ६१ हा आकडा खऱ्या गरजेपेक्षा कमीच असणार, किती कमी ते चिठ्ठ्यांवरून सांगता येत नाही.

प्राचार्य सरांनी पत्राच्या समासात तीन शेरे मारले. पहिल्या मागणीसमोर 'सोमवारपासून', दुसरीसमोर 'ग्रंथपाल, ८ दिवसांत', तिसरीसमोर 'लायब्ररी कमिटी'. काउंटर खरंच सोमवारपासून चालू राहिला, काका आधी जेवायला लागले एवढाच फरक. लॉगिनला आठ दिवसांऐवजी पाच आठवडे लागले, आणि त्याला कारण आम्हीच, मुलांच्या यादीत ई-मेल पत्ते इतके चुकीचे होते की निम्म्यांना पासवर्डचा मेल पोचलाच नाही, कोणी जीमेलचं स्पेलिंग चुकवलेलं, कोणी मोठ्या भावाचा पत्ता दिलेला. शेवटी तिने वर्गात फोन हातात घेऊन एकेकाचा पत्ता तपासला. कमिटीने मार्चमध्ये पहिली तीन पुस्तकं मंजूर केली, उरलेली सहा नव्या वर्षात आली. त्यातही एका पुस्तकाच्या पाचही प्रती विक्रेत्याने जुन्या सिलॅबसच्या आणल्या, मुखपृष्ठ सारखंच होतं. दाखल नोंदवहीत चढवण्याआधी ग्रंथपाल मॅडमनी अनुक्रमणिका उघडून बघितली म्हणून परत पाठवता आल्या, एकदा नंबर पडला असता तर कपाटात अजून पाच कोऱ्या पट्ट्या वाढल्या असत्या. यादीत नुसतं नाव न लिहिता आवृत्ती आणि सिलॅबसचं वर्ष लिहायला हवं होतं, ही चूक तिची कमी आणि माझी जास्त.

ऑगस्टमध्ये, ४ ते १६ तारखेच्या दरम्यान, रविवार आणि पंधरा ऑगस्ट सोडून परत ११ दिवस मोजलं. तोपर्यंत ती टीवायला गेली होती. या वेळी १८८ चिठ्ठ्या आल्या आणि ५४ वर 'ना'. ती जरा हिरमुसली, ६१ चे फक्त ५४? मी म्हटलं, वरचा आकडा बघ ना, ४५ चिठ्ठ्या वाढल्यात, जे येणं सोडून बसले होते ते परत खिडकीवर यायला लागलेत, आणि शंभरात बेचाळीस-त्रेचाळीसच्या जागी आता अठ्ठावीस-एकोणतीस रिकामे जातायत. तिने ५४ चिठ्ठ्या परत टेबलावर पसरल्या. त्यातल्या १७ एकाच पुस्तकाच्या निघाल्या, नवा सिलॅबस आता दुसऱ्या वर्षाला लागला होता ना, त्याचं. या वेळी यादीत तिने आवृत्ती आधी लिहिली.